मूळ 'एककडे जाते' की 'एक होते'?

खानापूरची बाई: माझ्याकडे बी.एस्सी.ची दोन पोरं शिकवणीला येतात. n^(1/n) ला ती 'एक होतंय' म्हणतात, मी 'एककडे जातं' म्हणायला लावते. एकजण म्हणाला, "बाई, 1/n शून्य झालं, आणि शून्य घात म्हणजे एकच. मग होतंयच की!"

निपाणीकर: पोरगा बरोबर आहे. घात शून्याला गेला, विषय संपला. शब्दाचा कीस कशाला?

शहापूर, बेळगाव: निपाणीकर, आत ठरलेली संख्या असेल तर तुमचं चालतं. पण इथं आतला n सुद्धा वाढतोय. 2^n चं n वं मूळ घ्या. घात तोच 1/n, तरी उत्तर कायम 2. 'होते' म्हटलं की माणूस आधी घाताला शून्य करून मोकळा होतो आणि आतल्या वाढीकडे बघतच नाही.

चिकोडीचा: आमच्या पतसंस्थेत १० वर्षांत दामदुप्पट आहे. २ चं दहावं मूळ 1.0718 येतं, म्हणजे वर्षाला ७.१८ टक्के. हे एक कुठं आहे?

शहापूर, बेळगाव: ते दहापुरतं झालं. दुप्पट व्हायला १०० वर्षं लागली तर 1.00696. मुदत लांबवत न्याल तसा दर शून्याकडे, मूळ एककडे. एक मात्र कधीच होत नाही.

खानापूरची बाई: n साठी मी n^(1/n) = 1+h धरलं. (1+h)^n हे 1+nh पेक्षा लहान नाही, म्हणून h एकपेक्षा कमी एवढंच मिळालं. तिथं अडकले.

शहापूर, बेळगाव: एक पद पुढं जा. विस्तारातलं h² चं पद एकटंच ठेवा, बाकीची धनच आहेत:

```
n = (1+h)^n ≥ n(n-1)/2 · h²
h ≤ √(2/(n-1))
```

n = 100 ला ही मर्यादा 0.142, खरं h 0.047. मर्यादा सैल आहे, पण शून्याला जाते, तेवढं पुरे. आता एकपेक्षा मोठा कुठलाही ठरलेला a घ्या. n हा a च्या पुढं गेला की a^(1/n) हे 1 आणि n^(1/n) यांच्यामध्ये सापडतं, त्याला दुसरीकडे जायला वाटच नाही. a एकपेक्षा लहान असेल तर 1/a चं मूळ काढून व्यस्त करा.

खानापूरची बाई: h² वर थांबायचं होतं तर! उद्याच पोरांना करून दाखवते.

निपाणीकर: 2^n चं पटलं. पण 'कडे जाते' तरी कुठं खरं? २ ला 1.414, ३ ला 1.442. हे तर लांब चाललंय!

शहापूर, बेळगाव: तीनपासून पुढं उतरतच जातं. सुरुवातीच्या दोनचार पदांवर सीमा ठरत नाही.

निपाणीकर: मग 'अखेर कडे जाते' म्हणा. नुसतं 'जाते' मला अजून खटकतं.