मदत हवी आहे: शेअर वाटपाचा ठराव, पण थोडे पैसे गुंतवणूकदाराच्या पत्नीच्या खात्यातून आलेत

आमची बुटीबोरीत छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. नव्या गुंतवणूकदाराला २५० रुपयांनी १०,००० शेअर द्यायचेत. विशेष ठराव, पीएएस-४, व्हॅल्युएशन झालंय. २५ लाख वेगळ्या खात्यात आहेत, हात लावलेला नाही.

बोर्डाचा ठराव लिहिताना स्टेटमेंट पाहिलं तर साडेसात लाख त्यांच्या पत्नीच्या खात्यातून आलेले. अर्ज मात्र एकट्याच्या नावावर, आणि पैसे अर्जदाराच्याच खात्यातून हवेत. पैसे आल्यापासून आज ४१ वा दिवस. ६० दिवसांत वाटप व्हायलाच हवं. ऑफर अजून आठवडाभर खुली आहे.

आता ७,००० शेअरचंच वाटप आणि उरलेल्या रकमेची परतफेड एकाच ठरावात घ्यावी, की आधी साडेसात लाख परत करून त्यांच्या खात्यातून नव्याने मागवून पूर्ण वाटप करावं?