मदत हवी आहे: कथेतल्या नोटिसा कायद्यात बसतात का?

रामबागकर: लघुकथा लिहितोय. इंदूर, 1998. खाली घरमालकीण माई, विधवा. माडीवर वीस वर्षं जोशी. भाडं 600 रुपये, रोख. पावती कधी नाही, माई कॅलेंडरवर खूण करतात. आता मुलगा पुण्याहून परत येतोय, त्याला माडी हवी. तोंडावर सांगवत नाही म्हणून माई वकिलाकडून नोटीस देतात: चार महिन्यांचं भाडं थकलं, 15 दिवसांत घर खाली करा. खरं तर जोशी पैसे घेऊन गेले तेव्हा माईंनीच घेतले नव्हते. दोघांत बोलणं मराठी, नोटीस मात्र ‘मेरी पक्षकार’वाल्या हिंदीत. जोशी काय उत्तर देतील?

सराफ्यातला: 15 दिवस बरोबर. मुदत संपली की दावा.

जुना वकील: अर्धंच बरोबर. ते 15 दिवस मालमत्ता हस्तांतरण कायद्यातले. इंदुरात 1961 चा स्थान नियंत्रण अधिनियम आहे. त्यात नुसती मुदत संपून भाडेकरू निघत नाही, कलम 12 मधलं एखादं कारण लागतं. थकबाकीचं कारण धरलं तर मागणीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिने भाडेकरूच्या हातात असतात. तेवढ्यात जोशी 2400 रुपयांची मनीऑर्डर करतील. माईंनी ती नाकारली तरी ‘लेने से इनकार’ असा शेरा घेऊन ती परत येईल, आणि तोच कागद जोशींचा पुरावा. थकबाकीचं कारण तिथेच संपलं.
माईंचा वकील हुशार असेल तर थकबाकीच्या वाटेला जाणारच नाही. मुलाची गरज खरी आहे, शिवाय विधवा मालकिणीला कलम 23-अ प्रमाणे थेट भाडे नियंत्रण अधिकाऱ्याकडे जाता येतं. तिथे भाडेकरूला विरोध करायलाही आधी परवानगी मागावी लागते, समन्स मिळाल्यापासून 15 दिवसांत. गप्प राहिला तर मालकिणीचं म्हणणं कबूल धरतात.

मांडवी_वडोदरा: तुम्ही घर सोडू नका! आमच्या काकांनी भिडेखातर सोडलं, डिपॉझिटसुद्धा बुडालं. तुमचं डिपॉझिट किती आहे?

रामबागकर: अहो, मी भाडेकरू नाही, कथा आहे! वकीलसाहेब, मनीऑर्डर फॉर्मखालच्या संदेशाच्या जागेत जोशींनी ‘माई, गुडघा कसा आहे?’ असं लिहिलं तर?

जुना वकील: लिहू द्या, पण ‘अमुक महिन्यांचं भाडं’ हेही हवं. नाहीतर समोरचा वकील म्हणेल, उसने फेडले. पावत्या नाहीत म्हणता ना.

सराफ्यातला: कॅलेंडर आहे की पुरावा!

जुना वकील: कॅलेंडर माईंच्या भिंतीवर आहे. त्या ते काढून देतील का?

रामबागकर: अडलंय तिथेच. आणि गुडघ्याचं वाचून माईंनी मनीऑर्डर घेतलीच तर?

जुना वकील: थकबाकी मिटली, मुलाची गरज तशीच राहिली. दुसरी नोटीस निघेल.

सराफ्यातला: मला नाही वाटत. माझी आई असती तर नोटीसच फाडली असती.