पॉवरबॉल घरबसल्या: तिकीट की पैज?

सुनील, चिंचवड: एका साइटवर अमेरिकेच्या पॉवरबॉलचे आकडे इथून लावता येतात. हातात तिकीट मात्र येत नाही. हे लॉटरी काढण्यासारखंच झालं ना?

विद्याधर: नाही. सोडतीत कोणते आकडे येतील यावर तुम्ही त्या कंपनीशी पैज लावता. पॉवरबॉलवाल्यांकडे तुमची नोंदच नसते. बक्षीस द्यायचं ते कंपनीने, तेही तिच्या नियमांनुसार. जॅकपॉट 50 कोटी डॉलरचा जाहीर झालाय समजा. खऱ्या तिकिटावर तो 30 हप्त्यांत मिळतो, किंवा बराच कमी पण एकरकमी. काही पैजवाल्या साइट एकरकमीची कपात तर करतातच, वर ‘अमेरिकन करापोटी’ आणखी कापतात. तो कर सरकारला जातच नाही, कंपनीकडेच राहतो.

मनोज: चुकताय. त्यांचा माणूस तिथे दुकानात जाऊन तिकीट काढतो आणि स्कॅन पाठवतो.

विद्याधर: तेही असतं, पण तो धंदा वेगळा. स्कॅन आलं तर निदान तिकीट आहे म्हणायचं. सुनीलना काहीच आलेलं नाही. नियमांच्या पानावर ‘निकालावर बेट’ असं कुठेतरी बारीक अक्षरात सापडेल.

मनोज: बरं, पैज म्हणा. पण लॉटोलँडने 2018 मध्ये बर्लिनच्या बाईला 9 कोटी युरो दिलेच ना?

विद्याधर: दिले. मोठ्या रकमेसाठी अशा कंपन्या विमा काढतात. पण ती बाई युरोपातली आणि कंपनी जिब्राल्टरची. तुम्ही पुण्यातून कोणाच्या दारात जाणार? ऑस्ट्रेलियाने तर 2019 पासून अशा पैजा बंदच केल्या.

मेघना, न्यू जर्सी: मी पेट्रोल पंपावर दोन डॉलरचं तिकीट घेते आणि मागे सही करून ठेवते. जॅकपॉटची शक्यता 29 कोटींत एक आहे, ती साइटवरही तेवढीच. मग जास्त पैसे कशाला मोजायचे?

अण्णा: महाराष्ट्र राज्य लॉटरीचा निकाल कुठे बघायचा? माझं तिकीट दिवाळी बंपरचं आहे.

विद्याधर: अण्णा, विक्रेत्याकडे निकालपत्रक असतं. तिकीट फाडू नका, बक्षीस त्यावरच मिळतं. आणि सुनील, परकीय चलनाच्या 2000 च्या नियमांनुसार लॉटरीच्या तिकिटासाठी पैसे परदेशी पाठवायला मनाई आहे. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही.

मनोज: म्हणजे खेळणाऱ्याला भीती नाही!

विद्याधर: शिक्षेची नाही. पण कंपनीने ‘कागदपत्रं अपुरी’ म्हणून जिंकलेले पैसे अडवले, तर तक्रार कुठे करणार ते सांगा.

मनोज: आधी जिंकू तर द्या.

सुनील, चिंचवड: खात्यात शिल्लक आहे थोडी. आज काढायला टाकतो, बघू येते का.