मदत हवी आहे: मुलाच्या लर्निंग असेसमेंटला कोणते रिपोर्ट न्यायचे, आणि आईने जायचं की बाबांनी?

सावली
मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत. तोंडी विचारलं तर अख्खा धडा सांगतो, पण वाचायला बसला की 'कर्म'चं 'क्रम' होतं. ओळ सुटली तर बोटाने शोधत बसतो आणि मग पुस्तकच मिटून टाकतो. शाळेने असेसमेंट करून घ्यायला सांगितलंय. फोनवर वेळ घेतली तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, "सगळे रिपोर्ट आणा, पालकांपैकी एक जण या." सगळे म्हणजे कोणते? दोन वर्षांपूर्वी शाळेतल्या समुपदेशकांनी बुद्ध्यांक चाचणी केली होती, तो कागद न्यायचा का? नवरा म्हणतो, तूच जा, तुला सगळं माहीत आहे.

रानवारा
जुना रिपोर्ट अजिबात दाखवू नका. नव्या माणसाने कोऱ्या नजरेने बघू दे. आणि आईनेच जावं, जन्मापासूनचं सगळं आईलाच आठवतं.

खडूफळा
मी विशेष शिक्षक आहे. रानवारा, आईबद्दल तुमचं बरोबर आहे. बाळंतपण कसं झालं, मूल कधी चाललं, बोलायला उशीर झाला का, हे पहिल्या मुलाखतीत विचारतातच. पण जुना रिपोर्ट लपवायचा नाही. तीच बुद्ध्यांक चाचणी थोड्या अवधीत पुन्हा घेतली तर सरावामुळे आकडा वर जाऊ शकतो. म्हणून चाचणीचं नाव आणि तारीख तज्ज्ञांना आधीच कळलेली बरी. तुमच्याकडे नुसता आकडा असेल तर शाळेकडून पूर्ण अहवाल मागा. निष्कर्षाचं पान काढून ठेवा आणि बाकीचं द्या, असंही करू नका.

सावलीताई, डोळे आणि कान आधी तपासून घ्या आणि ते रिपोर्ट न्या. अंधुक दिसत असेल किंवा एका कानाने कमी ऐकू येत असेल, तर वाचनाची अडचण नेमकी कुठली हे सांगता येत नाही, आणि पुष्कळदा तपासणी तिथेच अडते. चष्मा असेल तर त्या दिवशी विसरू नका. दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं न्या, शिक्षकांच्या शेऱ्यांसकट. आणि वह्या वर्गातल्याच न्या, खाडाखोड असलेल्या. घरी पुन्हा लिहून घेतलेली सुबक वही काहीच सांगत नाही.

पिंपळपान
अक्षर सुधारायला आमच्या मुलीला चार रेघी वहीचा खूप फायदा झाला. रोज एक पान, पेन्सिल जाड.

सावली
पिंपळपान, त्याचं अक्षर छान आहे हो, अडतंय ते वाचनात.

खडूफळा, एक विचारू? तुमचं उत्तर नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, तोही तिसरीपर्यंत वाचू शकत नव्हता, एक वर्ष नापासही झाला. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली, मला हे ठाऊकच नव्हतं. हे तिथे सांगायचं असतं का?

खडूफळा
नक्की सांगायचं. वाचनाची अडचण अनेकदा घराण्यात असते, आणि आईवडिलांपैकी कोणाला होती का, हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर तुम्ही ऐकीव देण्यापेक्षा त्यांनी स्वतः द्यावं: नेमकं काय जमायचं नाही, पुढे कसं सुधारलं, आज मोठ्याने वाचताना अडखळतात का. त्यामुळे मुलाखतीला दोघं जा. चाचणीच्या बैठकीला एकाने आलं तरी चालतं, तसंही पालकांना बाहेरच बसवतात. फोन करून विचारा की मुलाखत कोणत्या दिवशी आहे. एकाच सकाळी सगळं उरकणार असतील, तर वडिलांनी पहिला तास तरी यावं.

सावली
त्याची अट एकच आहे, मुलासमोर नको.

खडूफळा
रास्त आहे. वेळ घेतानाच सांगा की पालकांशी बोलणं मुलाला बाहेर ठेवून व्हावं. मुलाला नेताना कुणीतरी तिसरं माणूस सोबत घ्या, नाहीतर एकाला त्याच्याजवळ थांबावं लागेल.

नीरजा_व
आमचा घटस्फोट झालाय. मी एकटीच गेले, तर तिथे मुलाच्या वडिलांची सही मागितली. दोन आठवडे गेले. अशा वेळी काय करायचं असतं?

खडूफळा
ताबा कुणाकडे आहे आणि निकालपत्रात काय लिहिलंय, त्यावर ते ठरतं. त्याची प्रत आधी पाठवून विचारा. याहून जास्त मी सांगू शकणार नाही, वकिलांनाच विचारा.

रानवारा
सरावाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण मूल घरी एक भाषा बोलत असेल आणि शाळेत दुसरी, तर चाचणी कोणत्या भाषेत घ्यायची? माझा भाचा तिथेच अडकलाय.

सावली
आमचंही तसंच आहे, हे मीही विचारणार आहे. आज फोन केला. मुलाखत मंगळवारी ठेवलीय, फक्त आम्हा दोघांची, चाचणी त्यानंतर. नवऱ्याने रजा टाकलीय. आत्ता माळ्यावरून स्वतःचं तिसरीचं प्रगतिपुस्तक शोधतोय.