उत्तर: शंख की चक्र, आधी त्रिकोण मोजा

> "उजव्या तर्जनीवर चक्र आहे की शंख, तेच कळत नाही. मधे गोल दिसतं, पण एका बाजूने रेषा बाहेर जातात."

बोटाच्या ठशात मधल्या गोलावर जाऊ नका, त्रिकोण मोजा. तीन दिशांच्या रेषा जिथे भेटतात तो त्रिकोण. चक्राला दोन, शंखाला एक, साध्या कमानीला एकही नाही. तुमच्या वर्णनावरून हा शंख वाटतो, पण दुसरा त्रिकोण बहुधा नखाच्या कडेला लपतो. म्हणून ठसा नुसता दाबून घेऊ नका. शाईचा पातळ थर लावून बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच लोळवा. शाई जास्त झाली की रेषांमधल्या खाचा भरतात आणि त्रिकोण डागासारखा दिसतो.

मग शंखाचं तोंड, म्हणजे रेषा जिथून बाहेर जातात ती बाजू, बघा. कागदावर ठसा उलटा उमटतो, त्यामुळे उजव्या हाताच्या ठशात तोंड उजवीकडे असेल तर ते करंगळीकडे. अंगठ्याकडे तोंड असलेला शंख मुख्यतः तर्जनीवरच सापडतो.

हस्तरेषातज्ज्ञ चक्राला स्वतंत्र, हट्टी वृत्ती जोडतात, शंखाला जुळवून घेणारी, कमानीला व्यवहारी आणि मितभाषी. तर्जनी त्यांच्या मते महत्त्वाकांक्षेचं बोट, म्हणून तिथलं चक्र ते स्वतःच्या मतावर अडून राहणारं मानतात. मात्र ही आकृती गर्भातच, बोटाच्या टोकावरच्या फुगवट्यानुसार ठरते: उंच फुगवट्यावर चक्र, सपाटावर कमान, कललेल्यावर शंख. स्वभावाशी तिचा संबंध सिद्ध झालेला नाही, म्हणून एका बोटावरून कुणाला हट्टी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.