सभासद यादी: कोणती नोंद ठेवायची?

ए-102 (सेक्रेटरी): सभासद यादीची शीट टाकली आहे. दुबार नोंदी काढल्या, ज्याची त्याची शेवटच्या तारखेची ठेवली. तपासून घ्या.

बी-304: अहो भाऊ, माझ्यापुढे गाडी नंबर, नॉमिनी, रक्तगट सगळं कोरं! मार्चमध्ये चष्मा लावून अख्खा फॉर्म भरला होता मी.

ए-102: काकू, जूनमध्ये परत भरलात ना, ती नोंद राहिली.

बी-304: तो नवा मोबाईल कळवायला! बाकीचं तुमच्याकडे आहेच म्हणून सोडलं.

सी-502: काका, इथंच घोळ झालाय. दुसऱ्यांदा भरणारा बहुतेक वेळा बदललं तेवढंच लिहितो, म्हणून शेवटची नोंद बऱ्याचदा अर्धवट असते. तारखेऐवजी भरलेले रकाने मोजा. नाव ते इमर्जन्सी नंबर, D ते J, असे 7 रकाने आहेत. काकूंची मार्चची नोंद 7 गुणांची, जूनची 2.

ए-102: मोजायला `COUNTA` लावू?

सी-502: मी आधी तेच लावलं, फसलो. सी-201 च्या दुसऱ्या नोंदीत चार ठिकाणी नुसती रेघ आहे. `COUNTA` रेघही मोजतं, म्हणून तिला 7 मिळाले आणि पहिली खरी 5 रकान्यांची नोंद मागे पडली. त्यापेक्षा K मध्ये हे टाका:

```
=SUMPRODUCT(--(LEN(TRIM(D2:J2))>1))
```

एकाच अक्षराचा किंवा नुसत्या स्पेसचा रकाना यात धरला जात नाही. मग शीटची कॉपी करून आधी K उतरत्या क्रमाने लावा, गुण सारखे असतील तिथे नवी तारीख वर. नंतर `Data > Data cleanup > Remove duplicates`. ते सगळ्यात वरची ओळ ठेवतं, म्हणून क्रम आधी लावायचा.

ए-601: माझ्या फ्लॅटचे मालक आणि मी भाडेकरू, दोघांनी फॉर्म भरलाय. आमच्यातलं एक उडणार का?

सी-502: फक्त फ्लॅट नंबरची टिक ठेवली तर उडेल. फ्लॅट आणि ‘मालक/भाडेकरू’ या दोन्हींवर टिक हवी. आणि आधी ‘बी304’, ‘बी-304’ एकसारखं करून घ्या, नाहीतर शीटला ते दोन फ्लॅट वाटतात.

बी-304: पण मग माझा जुना मोबाईल परत येणार की रे!

सी-502: येणार, काकू. गुणांवरून ओळ निवडता येते, त्यातला नंबर ताजा आहे का ते कळत नाही. तेवढा मोबाईलचा रकाना मूळ शीटमधल्या शेवटच्या तारखेवरून घ्यायचा. दुबार फ्लॅट 11 च आहेत, हाताने होईल.

ए-102: बरं, रात्री बसतो. सी-201, त्या चार रेघांचं बघा जरा.

सी-201: माझ्याकडे गाडीच नाही, काय लिहू?

सी-502: ‘गाडी नाही’ असंच लिहा. त्याचा गुण मिळतो.