पेटीची फट आणि खिशातली किल्ली

> "पब्लिक की एन्क्रिप्शन शिकवताना पत्रपेटीची उपमा दिली, पण पब्लिक की सगळ्यांकडे असली तर कुलूपही उघडेल ना, असं मुलं विचारतात. काय सांगू?"

'की' हा शब्दच घात करतो. स्लाइडवर पब्लिक की म्हणजे पेटीची फट असं दाखवा. किल्ली एकच, मालकाच्या खिशात. फटीतून टाकलेलं पत्र टाकणाऱ्यालाही परत काढता येत नाही, यावर जरा थांबा. गणित हवंच तर आधी ६१ गुणिले ५३ करायला लावा, मग दुसऱ्या गटाला नुसते ३२३३ देऊन अवयव शोधायला सांगा. घाम फुटतो! पत्र टाकणं सोपं, काढणं अवघड, तसंच हे.

पुढची स्लाइड मात्र गाळू नका. समजा पेटी सुमनताईंची आहे. रात्री कुणी तिच्या जागी आपली पेटी टांगली तर? पाटी तीच, किल्ली चोराची. पाटी खरी कशावरून, एवढ्यासाठीच सर्टिफिकेट. डिजिटल सहीला ही उपमा लागू पडत नाही, तिथे पेटी बाजूला ठेवा.